उकळत्या पाण्यात न आटणारी लोकर

गेल्या पौषात, परभणीचा पारा दहाच्या खाली उतरलेला असताना, आक्का एका पिशवीत एक स्वेटर घेऊन माझ्याकडे आली आणि काही न बोलता तिने तो टेबलावर ठेवला. हा स्वेटर तिने आदल्या वर्षी आपल्या थोरल्या मुलासाठी दोन महिने बसून विणला होता. मऊ मेरिनो लोकर, फिकट करडा रंग, छातीवर सुपाच्या विणीसारखी नक्षी. आता ती नक्षी बोटांना जाणवत होती, पण डोळ्यांना दिसत नव्हती. सुनेने तो टॉवेलांसोबत मशीनमध्ये टाकला होता आणि मशीन सुती कपड्यांच्या ६० अंशांवर लावलेले होते. "गरम पाण्यानं आटला रे," आक्का म्हणाली, "आता ताणून ताणून होईल का पहिल्यासारखा?"

मी माझी हयात लुधियानातील एका लोकर-गिरणीच्या डाय हाऊसमध्ये काढली आहे, त्यामुळे अशी वस्तू हाती आली की आधी सांत्वन सुचत नाही, आधी टेप सुचते. आक्काच्या वहीत विणतानाची मापे होती. छातीचा घेर ९६ सेंटीमीटर होता, तो ७४ झाला होता, आणि उंची ६६ होती, ती ५० झाली होती. म्हणजे कापडाचे क्षेत्रफळ जवळजवळ ४२ टक्क्यांनी कमी झाले होते. मग मी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. वजन ४१० ग्रॅम भरले, आणि वहीत लागलेल्या लोकरीचे वजनही तेवढेच लिहिलेले होते. लोकर कुठे गेली नव्हती, विरघळली नव्हती, जळलीही नव्हती. तीच लोकर कमी जागेत गच्च बसली होती, आणि कापड जाड झाले होते.

आक्काला मी सांगितले की ताणून होणार नाही, पण तिचे पहिले वाक्यही अर्धेच खरे आहे. ते अर्धे खरे का, हे समजावून सांगायला मला त्या दिवशी दोन चहा लागले.

आमच्या डाय हाऊसमध्ये लोकर रोज उकळत असे. विंचरून सरळ केलेल्या लोकरीचे पेळू गोळ्यांच्या रूपात भांड्यात घट्ट भरायचे, पाण्यात थोडे आम्ल घालून सामू साडेचार ते पाचच्या आसपास ठेवायचा, रंग सोडायचा आणि पाणी हळूहळू तापवत ९८ अंशांपर्यंत न्यायचे. तिथे ते तासभर ठेवायचे. आक्काच्या मशीनपेक्षा हे पाणी ३८ अंशांनी जास्त गरम, आणि तरीही पेळू बाहेर काढले की तंतू सुटे, मोकळे, पुन्हा विंचरता येण्याजोगे. महत्त्वाचा फरक एकच होता. भांड्यात पाणी फिरत असे, लोकर जागची हलत नसे. ज्या दिवशी कुणी घाईने भांडे सैल भरले किंवा पंपाचा जोर अवाजवी ठेवला, त्या दिवशी त्याच पेळवांच्या कडा दाट होऊन गुंतलेल्या निघत, आणि त्या विंचरताना तुटलेल्या तंतूंचा ढीग वाया जाई. लोकर आटवते ती हालचाल. उष्णता तिला मदत करते, पण एकटी उष्णता हे काम करू शकत नाही.

हालचालीने सुती कापडाचा नमदा, म्हणजे तंतू एकमेकांत गच्च गुंतलेले जाड कापड, होत नाही आणि लोकरीचा होतो, याचे कारण तंतूच्या अंगावर आहे. सुताचा धागा सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. लोकरीचा तंतू मात्र जुन्या वाड्याच्या कौलारू छपरासारखा दिसतो. एकावर एक चढलेले पातळ खवले, आणि त्या प्रत्येकाची मोकळी कड एकाच दिशेला, तंतूच्या शेंड्याकडे. मुळाशी, म्हणजे मेंढीच्या कातडीत, तंतू सुरू होतो आणि तिथून शेंड्याकडे खवल्यांची उतरंड लागते. बारीक मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाड असतो आणि खवल्याची कड त्याच्या अंगातून जेमतेम एखादा मायक्रॉन वर आलेली असते. एवढ्याशा पायरीने एवढा मोठा स्वेटर आटतो, हे मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षी पटले नव्हते.

ते पटवून घेण्यासाठी सूक्ष्मदर्शक लागत नाही. आपल्या डोक्याचा केसही असाच खवलेदार असतो. मुळासकट निघालेला एक लांब केस घ्या, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तो बोटांच्या लांबीच्या दिशेने धरा आणि बोटे मागेपुढे चोळत राहा. केस एकाच बाजूला सरकू लागतो, आणि ती बाजू नेहमी मुळाची असते. केस उलटा धरला तर तो उलटीकडे सरकतो, पण पुन्हा मुळाकडेच. बोटे दोन्ही दिशांना सारखीच फिरतात. केस मात्र एका दिशेला सहज घसरतो आणि दुसऱ्या दिशेला खवल्यांची कड अडवते, म्हणून प्रत्येक चोळण्यात तो थोडा पुढे जातो आणि मागे मात्र येत नाही. लहानपणी गव्हाची ओंबी सदऱ्याच्या बाहीत उलटी घालून हात हलवत राहिलो की ती खांद्यापर्यंत चढत असे. रानात गेल्यावर धोतरात शिरलेले कुसळही मागे येत नाही, ते पुढेच रुतत जाते. कुसळाचे जे आहे तेच लोकरीचे आहे, फक्त लोकरीची कुसे नजरेला दिसत नाहीत. फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज याने १७९० मध्ये टोपीवाल्यांचे काम पाहून हीच गोष्ट मांडली होती, हे वाचल्यावर त्याच्याबद्दल मला फार आपुलकी वाटली. भूमितीच्या माणसाला टोपीवाल्याच्या हाताखाली काय घडते याची उत्सुकता होती.

आता हा एकटा तंतू सोडून आक्काच्या स्वेटरमधले लाखो तंतू डोळ्यांपुढे आणा. धाग्यात काही तंतूंची मुळे डावीकडे आहेत, काहींची उजवीकडे. मशीनच्या ड्रममध्ये कापड वर उचलले जाते, आपटते, दाबले जाते, सुटते. प्रत्येक दाबासोबत प्रत्येक तंतू आपापल्या मुळाच्या दिशेने केसभर पुढे सरकतो, आणि सरकताना ज्यांच्यात तो गुंतला आहे त्यांनाही ओढून घेतो. दाब सुटला की सुताचा तंतू परत आपल्या जागी जाऊ शकतो. लोकरीचा जाऊ शकत नाही, कारण मागे येण्याच्या वाटेवर प्रत्येक खवल्याची कड आडवी उभी आहे. उलट दिशांनी निघालेले तंतू एकमेकांना आवळत जातात, टाक्याचा फास लहान होतो, शेजारचा टाका जवळ येतो, आणि काही वेळाने धागा कुठे संपला व शेजारचा कुठे सुरू झाला हेच कळेनासे होते. खवले "उघडतात आणि एकमेकांत अडकतात" असे पुष्कळदा सांगितले जाते, जणू पाणी तापले की खिडक्या उघडाव्यात. ते सांगायला सोपे आहे, पण त्याने एक दिशाभूल होते: अडकणे हे शेवटचे फळ आहे, त्याआधी तंतूचा एकाच दिशेने झालेला प्रवास आहे.

पाणी, उष्णता आणि साबण यांचे काम हा प्रवास सोपा करण्याचे. कोरड्या लोकरीत तंतू ताठ असतो आणि थोड्या चोळण्याने त्याला फारसे काही होत नाही. ओला झाला की त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी फुगते, लांबी मात्र जेमतेम टक्काभर वाढते, आणि तो लवचीक होतो. पाणी गरम असले की तो आणखी सहज ताणला जातो व ताण सुटताच चटकन आखडतो, म्हणजे सुरवंटासारखी चाल त्याला अधिक चांगली जमते. साबणाने तंतूंमधली घसरण वाढते. बाजारातल्या साध्या धुण्याच्या पावडरीचा सामू दहाच्या आसपास असतो, आणि अशा अल्कधर्मी पाण्यात लोकर आणखी फुगते व अशक्तही होते. थोडक्यात, सुनेने अजाणतेपणी नमदा बनवणाऱ्या कारागिराची सगळी सामग्री एकत्र आणली होती, आणि वर टॉवेलांची आपटही दिली होती.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर आक्कासारखे हुशार विणणारे मला पकडतात. लोकरीचे आटणे दोन तऱ्हांचे असते. विणताना किंवा कारखान्यात कापड ताणून सुकवताना धाग्यात जो ताण कोंडला जातो, तो पहिल्यांदा ओले झाल्यावर सुटतो आणि कापड थोडे आखडते. हे आटणे ओल्या कापडाला हळुवार ओढून, आकार देऊन, सपाट वाळवले की बरेचसे परत मिळवता येते. दुसरे आटणे नमद्याचे, आणि ते परत मिळत नाही. केसांच्या कंडिशनरमध्ये भिजवून ताणण्याचा जो उपाय सांगितला जातो, तो पहिल्या तऱ्हेचा काही वाटा परत देतो. दुसऱ्या तऱ्हेपुढे तो हतबल आहे. ओळखायची खूण साधी आहे. टाके मोजता येत असतील तर आशा आहे. आक्काच्या स्वेटरवर टाके मोजता येत नव्हते.

मग ती म्हणाली, आणि प्रश्न रास्त होता, "आपली घोंगडी तर नदीवर आपटून धुतात, ती का नाही अशी होत?" माझ्याकडे माळेगावच्या यात्रेतून आणलेली एक घोंगडी आहे, ती मी तिच्यापुढे ठेवली. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, ताठ आणि केसाळ असते. असे तंतू सहज वळत नाहीत, म्हणून त्यांची चाल मेरिनोइतकी सुरवंटी नसते. शिवाय घोंगडी विणलेली असते हातमागावर, उभ्या-आडव्या धाग्यांनी ताणून, आणि वर चिंचोक्याची खळ दिलेली असते. स्वेटरच्या सैल फासांमध्ये तंतूंना फिरायला जशी मोकळी जागा असते तशी तिथे नसते. धुणेही थंड पाण्यात आणि वर्षातून एखादे वेळी. तरीही जुनी घोंगडी नवीपेक्षा दाट लागते, हे ज्याने दोन्ही पांघरल्या आहेत त्याला माहीत आहे. ते दाट होणे याच प्रवासाचे फळ आहे, फक्त तो प्रवास वर्षानुवर्षे पायी चाललेला आहे.

आता मुद्दा मशीनमध्ये धुता येणाऱ्या लोकरीचा. दुकानात अशी लोकर मिळते, आणि आक्काची समजूत अशी होती की तिच्यात "काहीतरी नायलॉन" असते. कधी असतेही, पण धुता येण्याचे कारण ते नाही. वर सांगितलेले एकदा पटले की उपाय कुठे करायचा हे आपोआप दिसते. लोकर उष्णतेला टणक करून उपयोग नाही, ती आधीच उकळते पाणी सोसते. मोडायची आहे ती खवल्यांची एकदिशा. एक तर कड खाऊन बोथट करायची, नाहीतर कडेवर लेप चढवून ती झाकायची. जगभर सर्वाधिक रूढ झालेली रीत या दोन्ही गोष्टी एकापाठोपाठ करते. तिचे नाव क्लोरीन-हर्कोसेट, आणि ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतील कामातून ती उभी राहिली.

हे काम सूत कातण्याआधी, पेळवांवर होते. अनेक पेळू शेजारी शेजारी पसरून त्यांची सपाट चादर केली जाते आणि ती एकामागून एक हौदांतून चालत राहते. पहिल्या हौदात थंड, तीव्र आम्लधर्मी पाण्यात क्लोरीन असतो, लोकरीच्या वजनाच्या सुमारे २ टक्के. लोकर प्रथिनाची, केराटिनची बनलेली आहे, आणि त्या प्रथिनाच्या साखळ्यांना गंधकाच्या दोन-दोन अणूंचे दुवे बांधून ठेवतात. खवल्यांच्या बाहेरच्या थरात हे दुवे फार दाट असतात, म्हणूनच तो थर इतका चिवट असतो. क्लोरीन हे दुवे तोडतो. खवल्याच्या पृष्ठभागावर मेदाम्लाचा एक अतिशय पातळ थर असतो, ज्याच्यामुळे कच्च्या लोकरीवर पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो. तो थरही निघून जातो. हे सारे काही सेकंदांत उरकते. दुसऱ्या हौदात सल्फाइट आणि सोडा घालून उरलेला क्लोरीन मारला जातो, मग स्वच्छ पाणी, मग हर्कोसेट या राळेचा हौद.

ही राळ मुळात कागदासाठी वापरात आलेली होती, ओला कागद फाटू नये म्हणून. ती पाण्यात विरघळते आणि तिच्यावर धन विद्युतभार असतो. क्लोरीनने कुरतडलेल्या लोकरीच्या अंगावर आता ऋण भार आलेला असतो, त्यामुळे राळ तिच्याकडे ओढली जाते आणि पृष्ठभागावर पसरते. क्लोरीनचा हौद चुकवून थेट राळ दिली तर ती मेणचटलेल्या ताटावरच्या पाण्यासारखी थेंबाथेंबाने गोळा होते, लेप बसत नाही. म्हणून दोन्ही हवेत, आणि याच क्रमाने. राळेचे प्रमाणही लोकरीच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपासच. त्यानंतर मऊपणासाठी एक द्रावण देऊन, गरम हवेत वाळवून तो लेप पक्का केला जातो.

एवढ्या पातळ लेपाने खवला कसा झाकला जातो, हा प्रश्न मला बराच काळ छळत होता. उत्तर असे की कोरडेपणी तो पुरता झाकलेला नसतोच. सूक्ष्मदर्शकाखाली प्रक्रिया केलेल्या तंतूवरही खवल्यांच्या पुसट रेषा दिसतात. पण राळ पाण्यात भिजली की कितीतरी पट फुगते, आणि तिचा बुळबुळीत थर पायऱ्या बुजवून टाकतो. म्हणजे तंतू चढू लागतो नेमक्या त्याच वेळी, ओला असतानाच, त्याच्या पायाखालची पायरी नाहीशी होते. धुणे संपून कापड वाळले की लेप पुन्हा आक्रसतो. मला या रीतीत सर्वांत जास्त आवडते ते हेच.

चुकते कुठे, तर पहिल्या हौदात. क्लोरीन इतका अधीर असतो की जी लोकर आधी भेटेल तिच्यावरच तो खर्च होतो. चादर एका जागी जाड व एका जागी विरळ असेल तर विरळ जागा जास्त खाल्ली जाते आणि जाड जागेच्या पोटात तो पोहोचतच नाही. पाणी थंड ठेवण्याचे कारणही हेच, त्याचा वेग थोडा आवरावा. आमच्या गिरणीत एकदा धुता येणारी म्हणून बाहेरून आलेली लोकर गडद निळ्या रंगात टाकली आणि पेळवांवर चट्टे उमटले. काही पट्टे रात्रीसारखे गडद, काही फिकट. क्लोरीन लागलेली लोकर रंग लवकर आणि जास्त ओढते, त्यामुळे रंगाने आदल्या कारखान्यातला असमानपणा उघडा पाडला होता. आम्ही दोन्ही पट्ट्यांतले कोरे नमुने काढून त्यांच्यावर थेंब टाकले. एकावर थेंब क्षणात शिरला, दुसऱ्यावर तो उभा राहिला. खात्रीसाठी ब्रोमीनच्या पाण्यात तंतू ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. खवल्याचे बाहेरचे आवरण शाबूत असेल तर तंतूच्या कडेने बारीक फोड येतात. या फोडांना अलवर्डेनचे नाव आहे. ते आवरण गेलेले असेल तर फोड येत नाहीत. फिकट पट्ट्यातला तंतू फोडांनी भरला होता. ती लोकर धुता येणारी नव्हती, निम्मीच धुता येणारी होती, आणि निम्मी आटणारा स्वेटर पूर्ण आटणाऱ्यापेक्षाही वाईट दिसतो. उलट, क्लोरीन अति झाला तर लोकर पिवळी पडते, हाताला खरखरीत लागते आणि तिचा जोर जातो.

याच कारणाने मी आक्काला तंबी दिली की घरातले ब्लीच घेऊन हा प्रयोग मुळीच करू नकोस. घरचे ब्लीच अल्कधर्मी असते, आणि त्यात लोकर धुता येणारी होत नाही, ती विरघळते. चिमूटभर लोकर त्यात टाकून ठेवली तर थोड्या वेळाने भांड्यात लोकर सापडत नाही.

क्लोरीनच्या रीतीला एक मोठा दोष आहे. हौदांतून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्यात क्लोरीन जोडलेली सेंद्रिय संयुगे राहतात आणि ती सहजी कुजत नाहीत. म्हणून दुसऱ्या वाटा शोधल्या गेल्या आहेत. परमोनोसल्फ्युरिक आम्ल हे क्लोरीनशिवाय तेच काम काहीसे सौम्यपणे करते. विद्युतभारित वायूच्या झोतातून, म्हणजे प्लाझ्मातून, लोकर नेली तर पाण्याविनाच पृष्ठभाग बदलतो. प्रथिने पचवणारी विकरेही वापरून पाहिली गेली, कारण खवला प्रथिनाचाच आहे. पण खवल्याखालचा गाभाही प्रथिनाचाच आहे. विकर दोन खवल्यांच्या फटीतून आत शिरते, पेशींना चिकटवून ठेवणारा मऊ भाग आधी खाते, आणि खवला बोथट होण्याआधी तंतूच अशक्त होतो. चोराला शिक्षा करायला बोलावलेला माणूस घरातलेच धान्य फस्त करू लागावा, तसा प्रकार.

विणणाऱ्यांच्या दृष्टीने दुसरी तक्रार अशी की धुता येणारी लोकर निसरडी असते. कच्च्या लोकरीत खवले टाक्याला टाका धरून ठेवतात. लेप आल्यावर ती पकड जाते, आणि सैल विणलेला जड स्वेटर ओला झाला की आटण्याऐवजी लांबतो. अशा लोकरीने विणताना सुई एखाद्या नंबरने बारीक घ्यावी आणि नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच माप धरावे. आणि "मशीनमध्ये धुता येते" याचा अर्थ लोकरीच्या सौम्य फेरीत, ३० किंवा ४० अंशांवर, सौम्य साबणाने. सुती कपड्यांची ६० अंशांची फेरी त्यात येत नाही. लेपालाही झीज आहे.

आक्काला अजून एक शंका होती. तिच्या पेटीत लेबल हरवलेल्या लोकरीच्या दोन गुंड्या होत्या, एक तांबडी आणि एक पांढरी, आणि त्यांपैकी कोणती कशी हे तिला कळेना. जर्मनीतल्या आखेन शहराच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी आहे. त्यात १ ग्रॅम सुटी लोकर पाण्यात ठरावीक वेळ चहूबाजूंनी हलवतात आणि तिची जी गोळी होते तिचा व्यास मोजतात. गोळी जितकी लहान, तितकी लोकर आटणारी. आम्ही ती घरगुती रीतीने केली. दोन्ही गुंड्यांचे वीतभर धागे पिंजून सुटे केले, कोमट पाणी आणि थोडा साबण घेतला, आणि लाडू वळावा तसे तळहातांत वळत बसलो. चार-पाच मिनिटांत पांढऱ्या लोकरीची बोरीच्या आठोळीएवढी टणक गोळी झाली. तांबडी मात्र कितीही वळली तरी पाण्यात सोडताच पसरत होती. आक्काने तांबड्या गुंडीवर चिठ्ठी लावली, "मशीनची", आणि पांढरीवर, "हातची".

राहिला तो करडा स्वेटर. तो कुणाला होत नव्हता आणि टाकवतही नव्हता. मी तिला एवढेच सांगितले की एरवी विणलेल्या कापडाला कात्री लावली की टाके उसवत जातात, पण याला लावून बघ. ती बराच वेळ कात्री हातात धरून बसली होती. मग तिने पाठीचा भाग एका झटक्यात उभा कापला आणि कड बोटांनी ओढून पाहिली. एकही धागा सुटला नाही. दुपारपर्यंत त्यातून गरम कढई उतरवायची चार जाड फडकी आणि धाकट्या नातवाच्या बुटांसाठी दोन तळ निघाले. नक्षीचा छातीचा तुकडा मात्र तिने कापला नाही. तो घडी घालून पिशवीत परत ठेवला.